‘हमखास’ या शब्दाचा अर्थ

सीताबर्डीच्या मेन रोडवरून संध्याकाळी घरी परतताना माणसाच्या हातात निदान दोन तरी पत्रके पडतातच. पूर्वी ती साड्यांच्या सेलची किंवा इंग्रजी संभाषणाच्या वर्गांची असत. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे: ‘ऑप्शनमधून दरमहा हमखास उत्पन्न! नव्वद टक्के अचूक टिप्स! शिकता शिकता कमवा!’ पत्रक हातात पडले नाही, तर तोच मजकूर फोनवर येतो. आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी तो मोठ्याने वाचून दाखविला आणि विचारले, “काय हो सर, तुम्ही मराठीचे. यात चूक काय ते सांगा.”

व्याकरणाची चूक एकही नव्हती. पण शब्दांचे अर्थ काढणे हाच आमचा धंदा असल्यामुळे त्यातले तीन शब्द मी वाचकांपुढे उलगडून ठेवतो.

पहिला शब्द ‘हमखास’. त्यासाठी ऑप्शन म्हणजे काय ते आधी पाहू. हा सौदा नवा नाही. मुंबईच्या बाजारात त्याला पूर्वी ‘तेजी-मंदी’ म्हणत. १९५६च्या कायद्याने त्यावर बंदी आली, १९९५ साली ती उठली आणि २००१पासून तो शेअरबाजारात रीतसर सुरू झाला. कल्पना साधी आहे. समजा, निफ्टी निर्देशांक आज २५,००० आहे. तो २५,२००च्या वर जाईल असे तुम्हांला वाटते. तेव्हा २५,२००चा ‘कॉल’ तुम्ही नगाला ८० रुपये देऊन घेता. एका लॉटमध्ये ६५ नग धरले, तर गेले ५,२०० रुपये. आता मुदतीच्या दिवशी निर्देशांक २५,१५०वर बंद झाला. तो वर गेला, म्हणजे तुमचे भाकीत खरे ठरले! पण २५,२०० काही ओलांडले नाहीत, म्हणून तुमच्या कागदाची किंमत शून्य. दिशा बरोबर येऊन भागत नाही. किती आणि केव्हापर्यंत, हेही बरोबर यावे लागते. शिवाय एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांच्याही खिशातून दलाली व कर जातो तो वेगळाच. अशा सौद्याला ‘हमखास’ हे विशेषण लागूच पडत नाही. म्हणूनच ‘सेबी’ या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांनुसार नोंदणीकृत सल्लागारालाही परताव्याची हमी देता येत नाही. जो देतो, त्याची पारख तिथेच झाली.

दुसरा शब्द ‘अचूक’. हा जरा खोल आहे, कारण तो पुष्कळदा खोटा नसतो! सौदा उलट बाजूने पाहा. ऑप्शन घेणारा असतो, तसा विकणाराही असतो. समजा, एखाद्या वर्गात शिकविले की, बाजार सहसा पोहोचणार नाही इतक्या दूरचे ऑप्शन दर आठवड्याला विकावे. नगाला २० रुपये मिळाले, तर ६५ नगांचे १,३०० होतात. त्यासाठी लाखाहून अधिक रक्कम तारण म्हणून अडकते, पण आठवडा शांत गेला की १,३०० आपले. असे नऊ आठवडे गेले: ११,७०० रुपये. प्रत्येक आठवड्याच्या नफ्याचे चित्र ग्रुपवर झळकते आणि मंडळी धन्य होतात. दहाव्या आठवड्यात कुठे युद्धाची बातमी येते, बाजार एकदम हलतो आणि २० रुपयांना विकलेला कागद ३०० रुपयांना परत घ्यावा लागतो. नगाला २८० प्रमाणे तोटा १८,२००. दहांपैकी नऊ वेळा बरोबर, म्हणजे ‘नव्वद टक्के अचूक’ हे अक्षरशः खरे. आणि तरी पदरचे ६,५०० गेले. म्हणून ‘किती वेळा बरोबर आलात?’ हा प्रश्नच चुकीचा. ‘चुकलात त्या वेळी किती गेले?’ हे विचारावे, आणि त्या दहाव्या आठवड्याचा हिशेब मागावा. तो ग्रुपवर कधी लागत नाही.

याच शब्दाचा दुसरा एक खेळ आहे, त्यात तर ऑप्शनचे ज्ञानही लागत नाही. ६,४०० फोन नंबर घ्यावे. निम्म्यांना ‘उद्या तेजी’, निम्म्यांना ‘उद्या मंदी’ असा संदेश पाठवावा. एक निम्मे तर खरे ठरणारच. उरलेल्या ३,२०० जणांना पुन्हा तसेच, मग १,६००, मग ८००, ४०० आणि शेवटी २००. या दोनशे माणसांनी लागोपाठ पाच टिपा स्वतःच्या डोळ्यांनी खऱ्या ठरलेल्या पाहिल्या! प्रत्येकाने १५,००० रुपये वर्गणी भरली की ३० लाख झाले. चुकीचे संदेश मिळालेले ६,२०० लोक या दोनशेंना कधी भेटत नाहीत. म्हणून फुकटच्या चार-पाच टिपा खऱ्या ठरल्या, हा पुरावा मानू नये.

तिसरा शब्द ‘शिक्षण’. यावर माझा जरा अधिक राग आहे. सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. शिकवायला लागत नाही. म्हणून सल्ल्याच्या अंगावर शिक्षणाची शाल घालतात. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने मोहम्मद नसीरुद्दीन अन्सारी असे वर्ग चालवीत असत. ऑक्टोबर २०२३मध्ये सेबीने त्यांना सुमारे १७ कोटी रुपये वेगळे ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्याच आदेशातून कळले की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात या गुरुजींना स्वतःच्या सौद्यांत सुमारे २ कोटी ८९ लाखांचा तोटा झाला होता. म्हणजे पीक विद्येचे नव्हते, फीचे होते. आपल्या महाराष्ट्रातले प्रकरण त्याहून मोठे. कर्जत येथील अवधूत साठे यांच्या अकादमीबाबत सेबीने डिसेंबर २०२५मध्ये ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला दिल्याचा ठपका त्यात होता. तोही अंतरिम आदेश होता, अंतिम निकाल नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

शिक्षण आणि सल्ला यांतली रेघ मात्र आता सामान्य माणसालाही दिसेल अशी आहे. निव्वळ शिकविणाऱ्याने शेअरचे नाव घेऊन बोलताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरता कामा नयेत, असे सेबीने जानेवारी २०२५च्या खुलाशात सांगितले होते. तेव्हा ज्या वर्गात चालू बाजार पडद्यावर लावून ‘हे घ्या, आत्ता विका’ असे सांगतात, तो वर्ग नव्हे.

घरातल्या कुणी अशी फी भरायची म्हटली, तर आधी नोंदणी क्रमांक विचारावा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा INH ने. पत्रकावरचा क्रमांक तेवढ्यावर खरा मानू नये, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत, sebi.gov.in वरच्या यादीत नाव ताडून पाहावे आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात जातात की नाही, ते बघावे. ‘खाते आमच्याकडे द्या, नफ्यात निम्मे’ असे म्हणून कुणी पासवर्ड मागू लागला, तर पुढे बोलूच नये. आणि नोंदणी खरी निघाली तरी एवढे ध्यानात असू द्यावे: सेबीच्याच पाहणीनुसार २०२४-२५ या वर्षात या सौद्यांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९१ जणांना तोटा झाला. नोंदणीने माणूस कोण ते कळते. बाजार उद्या कुठे जाईल, ते नोंदणीतही लिहिलेले नसते.