हिरवी पट्टी आणि हिरवा बेडका

बर्न वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांचा फोन ठरलेला असतो: "मॅडम, पेशंटचं ड्रेसिंग हिरवं आलंय, कोणतं अँटिबायोटिक सुरू करू?" मी उलट विचारते, पेशंट कसा आहे? ताप, नाडी, लघवी, शुद्ध? बरेचदा उत्तर येतं की पेशंट तसा बराय, जेवतोय, फक्त गॉज हिरवं आहे. मग इंजेक्शन गॉजला द्यायचं की पेशंटला, असं म्हणायचा मोह मी आवरते. फोन करणाऱ्याला चोवीस तास झोप नसते आणि समोर नातेवाईक उभे असतात.

तो हिरवा रंग मात्र खराच असतो, आणि त्याचा मालक बहुतेक वेळा एकच: सुडोमोनास एरुजिनोसा. जखमेच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या होतात हे युरोपातल्या शल्यवैद्यांना एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. त्या रंगामागचा जिवाणू वेगळा काढून 1882 मध्ये त्यावर निबंध लिहिला तो कार्ल गेसार या फ्रेंच औषधतज्ज्ञाने. रंग ओळखायची जुनी रीत आजही विद्यार्थ्यांना दाखवावी इतकी देखणी आहे. या जंतूच्या वाढलेल्या द्रवात थोडं क्लोरोफॉर्म घालून परीक्षानळी हलवायची. क्लोरोफॉर्म तळाशी बसतं आणि निळंशार होतं. त्यात आम्लाचे चार थेंब टाकले की निळा रंग लाल होऊन वरच्या पाण्याच्या थरात चढतो. एवढं झालं की तो पायोसायनिन, आणि पायोसायनिन बनवणारा जंतू हाच.

पट्टीवरचा हिरवा रंग दोन रंगद्रव्यांच्या मिसळीतून येतो. पायोसायनिन निळं, तर पायोव्हर्डिन पिवळसर हिरवं आणि अतिनील दिव्याखाली चमकणारं. जंतू ती हौस म्हणून बनवत नाही. आपलं शरीर लोह मोकळं ठेवत नाही, ते प्रथिनांशी बांधून ठेवतं. पायोव्हर्डिन हे बांधलेलं लोह ओढून घेऊन जंतूकडे परत येतं. पायोसायनिनचं काम निराळं. ते पेशीतले इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्यं तयार होतात आणि आपल्या पांढऱ्या पेशी व श्वासनलिकेतले सूक्ष्म केस त्यांच्या तडाख्यात सापडतात. जंतूंच्या दाट थरात खोलवर ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हेच द्रव्य इलेक्ट्रॉनची ने-आण करून आतल्या जंतूंना जगवतं. म्हणजे पट्टीवर दिसतो तो रंग जंतूच्या हत्यारांचा आणि शिदोरीचा. पण काही वाण रंगच बनवत नाहीत, त्यामुळे पांढरी पट्टी म्हणजे सुडोमोनास नाही, असंही समजू नये.

आता जळालेल्या रुग्णाचं नेहमीचं चित्र पाहा. चाळीस टक्के भाजलेली बाई, पदराने पेट घेतलेला. पहिल्या दिवशी जखम जवळजवळ निर्जंतुक असते, कारण आगीने वरचे जंतूही जाळलेले असतात. दोन दिवसांत केसांच्या मुळांत, घामग्रंथींत वाचलेले स्टॅफिलोकोकस वर येतात. साधारण पाचव्या दिवसापासून आतड्यातले आणि वॉर्डातल्या पाण्यातले ग्रॅम-निगेटिव्ह जंतू पोचतात, त्यात सुडोमोनास पुढे. जळून मेलेल्या कातडीची जाड खपली, जिला डॉक्टर एस्कार म्हणतात, ही त्याची मेजवानी. तिथे प्रथिनं आहेत, ओल आहे, ऊब आहे आणि रक्तपुरवठा नाही. रक्त नाही म्हणजे शिरेतून दिलेलं औषधही तिथे पोचत नाही.

आणि या बाईला दाखल झाल्याबरोबर काय सुरू केलेलं असतं? "खबरदारी म्हणून" सेफ्ट्रिॲक्सोन. गावच्या दवाखान्यापासून मोठ्या इस्पितळापर्यंत सगळ्यांच्या हाताशी असलेलं इंजेक्शन. सुडोमोनासवर ते चालत नाही. रेझिस्टन्स आला म्हणून नव्हे, पहिल्यापासूनच नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटचंही तेच. ही औषधं बाकीच्या दुबळ्या जंतूंना साफ करतात आणि सुडोमोनासला मोकळं रान मिळतं. पाचव्या दिवशीची हिरवी पट्टी थोडीफार आपणच रंगवलेली असते. भाजल्यावर केवळ खबरदारीसाठी शिरेतून अँटिबायोटिक देऊ नये, हे मी या सदरात पूर्वीही लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन.

हा जंतू जन्मतःच इतका निर्ढावलेला का? कारणं तीन, आणि ती एकमेकांच्या मदतीला येतात. त्याच्या बाहेरच्या पडद्यातली भोकं फार अरुंद, बहुतेक बंदच. ई. कोलायच्या तुलनेत औषधांना आत शिरणं बारा ते शंभर पटींनी अवघड. तरीही जे आत शिरतं ते उपसून बाहेर टाकायला पंप असतात, आणि एकच पंप एकमेकांशी नातं नसलेली अनेक औषधं फेकू शकतो. त्यातूनही उरलेल्या पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनना तोडणारं एन्झाइम त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रावर आहे, औषध दिसलं की ते जास्त बनतं. एकट्या पडद्याने फार काही साधलं नसतं. औषध सावकाश शिरतं म्हणूनच पंपाला ते उपसायला सवड मिळते. 2000 साली त्याचा जीनोम वाचला गेला तेव्हा साडेपाच हजारांवर जनुकं निघाली. माती, पाणी, नळाचं तोंड, कुठेही संसार थाटणाऱ्या जिवाला एवढी सामग्री लागतेच.

उरतात मोजकी औषधं: सेफ्टाझिडिम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि शेवटी कोलिस्टिन. कल्चरच्या रिपोर्टवर त्यांच्यापुढे 'एस' दिसला तरी तो त्या दिवसापुरता. इमिपेनेम ज्या भोकातून आत जातं तेच भोक जंतू बुजवून टाकू शकतो, उपचार चालू असतानाच. त्यामुळे आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट हातात घेऊन बसू नये, पेशंट सुधारत नसेल तर नमुना पुन्हा पाठवावा. भाजलेल्यांत आणखी एक अडचण असते. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची मूत्रपिंडं औषध झपाट्याने बाहेर टाकतात आणि अमिकासिनचा पुस्तकी डोस कमी पडतो.

मग हिरव्या पट्टीचं करायचं काय? आधी ठरवायचं की जंतू खपलीवर नुसता बसलाय की जिवंत मांसात उतरलाय. स्वॅब याचं उत्तर देत नाही, तो फक्त पृष्ठभाग पुसतो. उतरल्याच्या खुणा डोळ्यांना दिसतात: खपली तपकिरी-काळी पडते, वेळेआधी सुटू लागते, वरवर भाजलेली जागा खोल होत जाते, न भाजलेल्या कातडीवरही काळे डाग उमटतात. सोबत पेशंट गुंगीत जातो, ताप चढतो किंवा उलट अंग गार पडतं. शंका असेल तर जखमेचा छोटा तुकडा काढून पाठवावा. दर ग्रॅमला एक लाखाहून अधिक जंतू निघाले तर धोक्याची घंटा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत मांसात जंतू दिसले तर वादच नाही. अशा वेळी अँटिबायोटिक हवंच, पूर्ण डोसमध्ये आणि तातडीने. जंतू मांसात उतरला नसेल तर ड्रेसिंग वारंवार बदलणं, सिल्व्हर सल्फाडायझिन, सौम्य ॲसेटिक ॲसिडच्या पट्ट्या यांवर भागतं.

पण खरा इलाज सुरीचा आहे. मारिबोरच्या झोरा यांझेकोविच या शल्यविशारद बाईंनी मेलेली कातडी तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच तासून लगेच ग्राफ्ट लावायची पद्धत रूढ केली, आणि 1970 मध्ये तिच्यावरचा त्यांचा लेख गाजला. मेजवानीच उचलून नेली की पाहुणा राहत नाही. आपल्याकडे अडतं ते कातडीपाशी. चाळीस टक्के भाजलेल्या माणसाची स्वतःची कातडी पुरत नाही, मृत्यूनंतर दान केलेली लागते. मुंबईत सायन इस्पितळात 2000 सालापासून स्किन बँक आहे. मृत्यूनंतर सहा तासांत मांडी, पाय, पाठ इथला पातळ थर घेतात, तो ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. नेत्रदानाचा फॉर्म भरणाऱ्या कुटुंबाला त्वचादानाबद्दल कोणी विचारतच नाही. नव्या महागड्या अँटिबायोटिकपेक्षा हे विचारणं मला जास्त मोलाचं वाटतं.

वॉर्डातल्या ट्रॉलीवरच्या बरणीकडेही बघा, जंतुनाशकात भिजलेल्या कापसाच्या बोळ्यांच्या. रिकामी होत आली की तिच्यात वरून नवं द्रावण ओततात, बरणी धुवायला कोणी नेत नाही. आमच्या प्रयोगशाळेत सुडोमोनास इतर जंतूंतून निवडून काढायचा तर माध्यमात सेट्रिमाइड घालतात. म्हणजे जखमा पुसायच्या कित्येक द्रावणांतलं जंतुनाशकच. बाकीचे मरतात, हा वाढतो. त्या बरणीत वेगळं काय होणार?

आता फुप्फुसं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सुडोमोनास वर्षानुवर्षं मुक्काम करतो, हे पाश्चात्त्य पुस्तकांत पानोपानी आहे. आपल्याकडे त्याला घर मिळतं ते क्षयाने वाकड्या-तिकड्या फुगवून ठेवलेल्या श्वासनलिकांत, म्हणजे ब्राँकिएक्टॅसिसमध्ये. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत अशा 2195 रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांच्या आजाराचं मूळ क्षयरोग होतं, आणि बेडक्यात सर्वाधिक सापडलेला जंतू सुडोमोनास.

इथे रंग फसवतो. पट्टीचा हिरवा रंग जंतूचा. बेडक्याचा हिरवा रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, त्यांच्यातलं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइमच हिरवं. कोणत्याही जंतूने पांढऱ्या पेशी गोळा केल्या की बेडका हिरवा होतो. उलट फुप्फुसात मुरलेला सुडोमोनास कधीकधी रंग सोडून देतो आणि अल्जिनेट नावाच्या बुळबुळीत आवरणात शिरतो. आमच्या बशीवर तो निळा-हिरवा न दिसता शेंबडासारखा ओघळतो. त्या आवरणाखालच्या थराला औषध पुरतं भेदत नाही, म्हणून रिपोर्टवर 'एस' असलेलं इंजेक्शन देऊन खोकला कमी होतो पण जंतू जात नाही.

तो जाण्याची बरी संधी फक्त सुरुवातीला असते, आवरण जमायच्या आधी. पहिल्यांदाच सापडला तर तो उखडायचा प्रयत्न करावा, असं युरोपीय श्वसनतज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शनात सुचवलं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या, कधी शिरेतून औषध, कधी नेब्युलायझरमधून वाफेवाटे टोब्रामायसिन किंवा कोलिस्टिन. पण "पहिल्यांदाच" हे प्रयोगशाळेला कसं कळणार? आमच्याकडे येते ती नाव आणि वय लिहिलेली डबी. बेडका चार वर्षांत चार गावच्या लॅबमध्ये तपासलेला असतो. म्हणून क्षय बरा होऊनही रोज वाटीभर बेडका पडणाऱ्यांनी बरं वाटत असतानाही वर्षातून एकदा कल्चर करावं, फॉर्मवर "ब्राँकिएक्टॅसिस" लिहायला लावावं, आणि जुने रिपोर्ट रद्दीत घालू नयेत. आणि घरचं नेब्युलायझर वापरत असाल तर त्याची वाटी प्रत्येक वेळी धुऊन, उकळून, पूर्ण कोरडी करून ठेवा. त्यातल्या चमचाभर शिळ्या पाण्यात हा पाहुणा आधीच बसलेला असू शकतो.