विश्लेषण : मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज कमी का होते? दंड नेमका कसा मोजला जातो?

मुलीच्या कॉलेजची फी भरायची असते, घरात कुणाला तरी दवाखान्यात दाखल करावे लागते, आणि मग मुदत ठेव मोडायचे ठरते. ‘अर्धा टक्का दंड लागेल’ असे बँकेत सांगितले जाते. चार लाखांवर अर्धा टक्का म्हणजे दोन हजार रुपये, असा हिशेब मनात मांडला जातो. प्रत्यक्षात मात्र खात्यात त्याहून बरेच कमी पैसे येतात. काही वेळा तर भरलेल्या मुद्दलापेक्षाही कमी रक्कम हाती पडते. हे कसे होते?

एफडीचा व्याजदर कशावर ठरतो?

मुदत ठेव म्हणजे ठेवीदार आणि बँकेतील करार. ठरावीक काळ पैसे काढणार नाही, असे ठेवीदार मान्य करतो आणि त्या बदल्यात बँक ठरावीक दर देते. ठेव घेतली त्या दिवशीचा दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. बँकेच्या तक्त्यात प्रत्येक कालावधीसाठी वेगळा दर असतो. व्याज मुद्दलात जमा होत राहणाऱ्या ठेवीत, म्हणजे ‘क्युम्युलेटिव्ह एफडी’त, बहुतेक बँका दर तिमाहीला चक्रवाढ करतात. दुसऱ्या प्रकारात व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला बचत खात्यात जमा होते आणि मुद्दल तेवढेच राहते.

मुदतीआधी मोडल्यास दर का घटतो?

ठेवीच्या पैशांतूनच बँक कर्जे देते. पैसे तीन वर्षे राहणार, या हिशेबाने तिने पुढची तजवीज केलेली असते. ते मध्येच परत गेले तर तिला तेवढी रक्कम दुसरीकडून उभी करावी लागते. शिवाय वर्षभरात मोडलेल्या ठेवीलाही तीन वर्षांचा दर दिला, तर प्रत्येक जण सर्वाधिक दराची मुदत निवडेल आणि गरज पडली की पैसे काढून घेईल. म्हणून करार मोडल्यावर बँक त्याचा हिशेब नव्याने मांडते. पैसे जितके दिवस बँकेत होते तितक्याच मुदतीची ठेव होती, असे धरले जाते.

दंड नेमका कसा मोजतात?

हिशेबाचे दोन टप्पे आहेत आणि गफलत इथेच होते. पहिल्या टप्प्यात दर बदलतो. ठेव जितका काळ राहिली, त्या काळासाठी ठेव ठेवली त्या दिवशी जो दर होता, तो घेतला जातो. आजचा दर इथे पाहिला जात नाही. हा दर कराराच्या दरापेक्षा जास्त निघाला, तर सहसा दोन्हींपैकी कमी असलेला दर धरतात. दुसऱ्या टप्प्यात त्या दरातून दंडाचा टक्का वजा होतो. स्टेट बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीसाठी हा दंड ०.५ टक्का आहे, त्यावरील ठेवीसाठी १ टक्का. दंड किती असावा हे रिझर्व्ह बँकेने बँकांवर सोपवले आहे, पण ठेव घेतानाच तो ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे.

एक उदाहरण पाहू. समजा, चार लाख रुपये तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले. त्या दिवशी एक ते दोन वर्षांच्या ठेवीचा दर ६.५ टक्के होता. पंधरा महिन्यांनी, म्हणजे पाच तिमाह्यांनंतर, ठेव मोडली.

७ टक्क्यांनी पाच तिमाह्यांचे व्याज ३६,२४७ रुपये झाले असते. पहिल्या टप्प्यात दर ६.५ टक्क्यांवर आला आणि व्याज ३३,५७४ रुपये झाले. दुसऱ्या टप्प्यात अर्धा टक्का वजा होऊन दर ६ टक्के झाला आणि हाती ३०,९१४ रुपये व्याज आले.

एकूण फटका ५,३३३ रुपयांचा. त्यातले जवळपास अर्धे, म्हणजे २,६७३ रुपये, केवळ दर बदलल्यामुळे गेले. पावतीवर ज्याला ‘दंड’ म्हटले जाते, तो उरलेला २,६६० रुपयांचा भाग. तोही चार लाखांच्या अर्ध्या टक्क्याएवढा, म्हणजे दोन हजार, नाही. कारण कपात मुद्दलातून एकदाच होत नाही, ती वार्षिक दरात होते. ठेव जितकी जास्त काळ राहिली, तितका दंडाचा आकडाही वाढतो.

मुद्दलापेक्षा कमी पैसे का मिळतात?

हीच ठेव तिमाही व्याजाची असती, तर दर तिमाहीला ७,००० याप्रमाणे पंधरा महिन्यांत ३५,००० रुपये बचत खात्यात आलेले असते. नव्या हिशेबाने ६ टक्क्यांनी देय व्याज मात्र ३०,०००च होते. जास्त गेलेले ५,००० रुपये बँक मुद्दलातून वळते करते आणि चार लाखांऐवजी ३,९५,००० रुपये परत मिळतात. मासिक व्याजावर घर चालवणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना हा धक्का हमखास बसतो. मुद्दल बुडालेले नसते, आधी दिलेले जादा व्याज परत घेतलेले असते.

कोणती ठेव मोडताच येत नाही?

करबचतीची पाच वर्षांची एफडी मुदतीआधी काढता येत नाही. एक कोटीपेक्षा मोठ्या ठेवींसाठी बँका मुदतपूर्व पैसे काढण्याची सोय नसलेल्या योजना देऊ शकतात. इतर वैयक्तिक ठेवींत, एक कोटीपर्यंत, ही सोय द्यावीच लागते. ठेव सात दिवसांच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही.

मग मोडावी की नाही?

गरज किती रकमेची आणि किती दिवसांची, यावर उत्तर अवलंबून आहे. वरच्या उदाहरणात फक्त एक लाख रुपये तीन महिन्यांसाठी हवे असतील, तर ठेवीवर कर्ज घेता येते. त्याचा दर बहुतेकदा ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त असतो. ८ टक्क्यांनी तीन महिन्यांचे व्याज २,००० रुपये होईल आणि मूळ ठेवीवर ७ टक्के मिळत राहतील. गरज संपूर्ण रकमेची आणि दीर्घ काळाची असेल, तर मात्र कर्जाचे व्याज चढत जाते आणि ठेव मोडणे स्वस्त पडू शकते.

तारीखही पाहावी. ठेवीला वर्ष पूर्ण व्हायला चार-पाच दिवस उरले असतील, तर थांबणे फायद्याचे ठरू शकते. तक्त्यात वर्षाआतील मुदतीचा दर बऱ्याचदा कमी असतो आणि काही दिवसांच्या फरकाने संपूर्ण काळाचे व्याज त्या कमी दराने मोजले जाते.

सध्या आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणला आणि बँकांनी ठेवींचे दरही घटवले. त्याआधीची ठेव मोडली, तर गेलेला जुना दर नव्या ठेवीवर परत मिळणे कठीण आहे.

नवी ठेव ठेवतानाच चार लाखांची एक पावती करण्याऐवजी एकेक लाखाच्या चार केल्या, तर अडचणीच्या वेळी एकच मोडावी लागते. वरच्याच दरांनी तेव्हाचा फटका ५,३३३ ऐवजी सुमारे १,३३३ रुपयांचा राहतो आणि उरलेल्या तीन ठेवींचा ७ टक्के दर कायम राहतो.