जर्मन की जपानी? आधी विचारा, तिथे साहेब कोण असणार

‘आयटीत इंग्रजी पुरतं, जर्मन-बिर्मन कशाला?’ हा सल्ला पुण्यातले सीनियर आपल्या पोरांना फुकट देतात. व्हिसापुरता तो खराही आहे. जर्मनीच्या ब्लू कार्डला जर्मन भाषेची अट नाही. पण इंग्रजीवर चालणारी टीम तिथे बऱ्याचदा भारतीयांचीच असते, आणि तिचा मॅनेजरही. म्हणजे विमानाने सात हजार किलोमीटर जाऊन पुन्हा ‘आडनाव काय?’ हाच प्रश्न.

यात काही नवं नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर खटला भरला, त्यातला आरोप हाच होता: दलित इंजिनिअरला वरच्या जातीतल्या भारतीय वरिष्ठांकडून जातीवरून त्रास. जर्मनीचा 2006 चा समान वागणुकीचा कायदा वंश, धर्म, लिंग, वय यांची नावं घेतो, जातीचं घेत नाही. तक्रार करायची तर आपलं म्हणणं आपल्यालाच त्या चौकटीत बसवून सांगावं लागणार. ते कुठल्या भाषेत सांगणार?

एक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातल्या कॉलेजचा मुलगा, हिंजवडीत चार वर्षं जावा, मग म्युनिकमध्ये नोकरी. दोन वर्षांनी मॅनेजरशी बिनसतं आणि हातात नोकरी संपल्याचं पत्र पडतं. तिथे हे पत्र कागदावर, सहीनिशीच द्यावं लागतं, ईमेल चालत नाही. त्याविरुद्ध कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे असतात. कंपनीत ‘बेट्रीब्सराट’ म्हणजे कामगारांनी निवडलेली समिती असेल, तर काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकणं सक्तीचं आहे. ते न करता काढलं तर काढणंच रद्द ठरतं. ही समिती परदेशी कामगाराचीही असते, तो तिला मतही देतो. पण तिचा कारभार साधारणपणे जर्मनमध्ये चालतो. भाषा न येणारा मुलगा ते पत्र वाचून घ्यायला कोणाकडे जाईल? शेजारच्या टेबलावरच्या भारतीयाकडे, जो मॅनेजरचा माणूस आहे. माझ्या मते जर्मन शिकण्याचं पहिलं कारण हे आहे, पगार नंतर.

दुसरं कारण कायम वास्तव्याचं. ब्लू कार्डवाल्याला ए1 पातळीची भाषा असेल तर 27 महिन्यांनी कायम परवाना मागता येतो, बी1 असेल तर 21 महिन्यांनी. तेवढे महिने पेन्शनचा हप्ता भरलेला हवा. परवाना हाती आला की व्हिसा कंपनीच्या मुठीत राहत नाही. म्हणून ए1 चं सर्टिफिकेट विकणाऱ्या क्लासवर पैसे घालून थांबू नका. ए1 वर पाव मागता येतो, पत्र वाचता येत नाही. बी1 पर्यंत 45 मिनिटांच्या साधारण 350 ते 650 तासिका लागतात. 500 धरा, आठवड्याला आठ केल्या तर सव्वा वर्ष. नोकरी सांभाळून होण्यासारखं आहे. गोएथेच्या बी1 परीक्षेचे चार भाग वेगवेगळे देता येतात, एकात नापास झालात तर तेवढाच पुन्हा.

आणि ‘आमचं इंग्रजीच कच्चं’ हे रडगाणं इथे चालणार नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत आणि विभक्ती आहे. तो-ती-ते आणि ला-ने-चा घेऊन वाढलेल्या पोराला ही कल्पना नवी नाही. कुठल्या शब्दाचं लिंग कोणतं, ते मात्र पाठच करावं लागतं.

जपानीचं काय? वाक्यरचना मराठीच्या जवळची, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर. पोरं पहिले सहा महिने खूश असतात. मग कांजी सुरू होते. ग्राहकाशी बोलण्याच्या कामाला कंपन्या बहुधा एन2 मागतात, त्याला हजारभर कांजी लागतात. परीक्षा वर्षात दोनदाच, जुलै आणि डिसेंबर, आणि तिच्यात बोलण्याचा पेपरच नाही. एन2 घेऊनही मीटिंगमध्ये गप्प बसणारे असतात ते यामुळे. कंपनी स्वतः पैसे देऊन शिकवत असेल आणि जपानी टीममध्ये बसवत असेल, तर जरूर जपानी. स्वतःच्या खिशातून, रात्री नऊनंतर शिकायचं असेल तर जर्मन.

आपण कोणती भाषा शिकायची हे दुसऱ्यांनी ठरवण्याची सवय या देशात जुनी आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे 1922 मध्ये बॉन विद्यापीठात नाव घातलं, त्यासाठी आपली माहिती जर्मनमध्ये लिहून दिली. 2014 मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून असलेली जर्मन वर्षाच्या मध्येच काढून संस्कृत आणली गेली. पैसेवाल्यांच्या पोरांनी खासगी क्लास लावला. आपल्यांनी कुठे जायचं?

बार्टी यूपीएससीचं प्रशिक्षण देते, चांगलं आहे. आता पुण्यात संध्याकाळची जर्मन बॅच मागा, बी1 पर्यंतची, परीक्षा फीसकट. निवेदनात ‘परदेशी भाषा प्रशिक्षण’ असं मोघम लिहू नका. पातळी लिहा, तासिका लिहा, नाहीतर तीन महिन्यांचा ए1 वर्ग उघडून फोटो काढतील.