भूकंपाची तारीख आधी का सांगता येत नाही?

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलांना छोटे भाषण हवे असते. या वेळी आम्ही भूकंपाचा विषय घेतला आहे. घरी अम्मी-अब्बूंना एकदा सांगून पाहावे, म्हणजे पाठ करावे लागणार नाही.



अमेरिकेत कॅलिफोर्नियात पार्कफील्ड नावाचे लहानसे गाव आहे. जमिनीतला एक मोठा भ्रंश, म्हणजे खडकांमधली लांबच लांब भेग, तिथून जाते. तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये जवळपास सारखेच भूकंप झाले. सरासरी अंतर २२ वर्षांचे. म्हणून शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केले, की पुढचा धक्का १९८८ च्या सुमारास, फार तर १९९३ पर्यंत बसेल. गावाभोवती यंत्रे बसवली गेली आणि सगळे वाट पाहत राहिले.

१९९३ उलटले, काहीच झाले नाही. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला! १९३४ आणि १९६६ मध्ये मुख्य धक्क्याआधी १७ मिनिटे एक मध्यम धक्का बसला होता. या वेळी तोही नाही. भेग फाटत गेली तीही मागच्या वेळच्या उलट दिशेने. इतकी यंत्रे जागी असूनही आधी कोणतीही ठळक खूण मिळाली नाही.

असे का? भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक हळूहळू सरकू पाहतात, पण घर्षणामुळे अडकून राहतात. ताण साठत जातो. तो किती वेगाने साठतो हे जमिनीवरून मोजता येते. पण कित्येक किलोमीटर खाली खडक नेमका किती ताण सोसेल, आणि तो आता किती भरला आहे, हे मोजता येत नाही. शिवाय छोटा आणि मोठा भूकंप सुरू होताना सारखेच दिसतात. घसरण दोनशे मीटरवर थांबेल की वीस किलोमीटर धावेल, हे वाटेतल्या खडकांवर ठरते.

आधीचे छोटे धक्के ही खूण मानू या का? आपल्या किल्लारीला १९९२ मध्ये असे धक्के जाणवले होते. मोठा भूकंप आला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, जवळजवळ वर्षाने. असे छोटे धक्के अनेक ठिकाणी बसतात आणि बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. ती पूर्वसूचना होती हे मोठा धक्का बसल्यावरच कळते.

म्हणून शास्त्रज्ञ तारीख सांगत नाहीत. अमुक प्रदेशात येत्या तीस वर्षांत मोठ्या भूकंपाची शक्यता किती, एवढेच ते सांगतात, आणि घरे कशी बांधावीत याचे नियम त्यावरून ठरतात. उद्या रात्री भूकंप येणार असा निरोप मोबाईलवर आला, तर तो कोणत्याही शास्त्रज्ञाने पाठवलेला नसतो.