बागेतला ‘राम राम’ म्हणजे टाइमपास नव्हे

“डॉक्टर, लोक बागेत चालायला येतात की गप्पा मारायला? मी तर कानात हेडफोन घालतो, कुणाकडे बघत नाही आणि दहा हजार पावलं पूर्ण करून घरी येतो.” हे वाक्य रुग्ण मला मोठ्या अभिमानाने ऐकवतात. माझं मत उलट आहे. चालणं उत्तमच, पण वाटेतला प्रत्येक ‘राम राम’ टाळून चालणारा माणूस त्या सकाळचं अर्धं औषध बागेतच टाकून येतो.

दहा हजारांचा तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला. ती काही वैद्यकीय मर्यादारेषा नव्हे. माणसांशी असलेल्या संबंधांबद्दलचा पुरावा मात्र भक्कम आहे. २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, म्हणून याचं सगळं श्रेय मैत्रीला देता येणार नाही. पण वय आणि सुरुवातीची तब्येत हिशोबात घेऊनही फरक उरतो.

आता हास्यक्लबाकडे या. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. आधी विनोद सांगून हसायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसण्याचे व्यायाम आले. त्यातला एक म्हणजे ‘नमस्ते हास्य’. हात जोडायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हसायचं आणि पुढच्या माणसाकडे सरकायचं. ‘हसल्याने शुगर गेली, ब्लॉकेज उघडले’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, गोळ्या बंद करू नका. माझ्या मते या व्यायामाचं खरं काम वेगळं आहे. अनोळखी माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला तो भाग पाडतो.

पण नुसत्या नमस्काराने मैत्री होत नाही, तिला तास लागतात. अमेरिकेतले संशोधक जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांचा अभ्यास केला. साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असा त्यांचा अंदाज आहे.

हा हिशोब आपल्या सणसवाडीला लावून बघा. समजा, मराठवाड्यातून मुलाकडे राहायला आलेले एक काका आहेत. मुलगा कंपनीत शिफ्टला, सून कामावर, काका दिवसभर फ्लॅटमध्ये. सकाळी फिरताना ते रोज दोन मिनिटं नमस्कार-चमत्कार करतात. या वेगाने ५० तास भरायला चार वर्षांहून जास्त लागतील. तेच काका फिरून झाल्यावर रोज १५ मिनिटं बाकावर त्याच चौघांसोबत बसले, तर ५० तास साडेसहा महिन्यांत भरतात आणि २०० तास सव्वादोन वर्षांत. म्हणजे ज्याला तुम्ही टाइमपास म्हणता, तो बाकच मैत्रीची खरी जागा आहे.

या ओळखीचा वैद्यकीय उपयोग काय? रोज बघणाऱ्यालाच बदल कळतो. काकांची पँट सैल झाली, चढावर दम लागू लागला, तीच गोष्ट ते तिसऱ्यांदा सांगतायत, हे बाकावरच्या मित्राला दिसतं. हसताना तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा बोलणं जड आलं, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. नेहमीचं हसू माहीत असलेला माणूस तिथे वेळ वाचवतो. आणि काका तीन दिवस दिसलेच नाहीत, तर फोन कोण करणार? पावलं मोजणारं घड्याळ तर नक्कीच नाही.

व्हॉट्सॲपवरचं ‘शुभ सकाळ’चं फूल हे काम करत नाही. ते अंथरुणात आजारी पडूनही पाठवता येतं.

क्लबवाल्यांनाही एक सांगायचं आहे. काही ठिकाणी जुन्यांचा कंपू होतो. नवा माणूस टाळ्या वाजवतो, हसतो आणि कुणी नाव न विचारताच घरी जातो. तो चार दिवसांत यायचा बंद होतो. मग ‘लोकांना आवड नाही’ म्हणू नका. पहिल्याच दिवशी त्याचं नाव विचारा, घरच्या कुणाचा तरी नंबर घ्या, त्याला बाकावर जागा द्या.

हर्निया असेल, नुकतंच पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, हसताना लघवी सुटत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर जोराचं हसणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. नमस्कार मात्र जरूर करा आणि बाकावर बसा. त्याला कसलंही पथ्य नाही.

उद्या सकाळी निदान एका कानातला हेडफोन काढा.