ब्याण्णव म्हणजे नेमके किती?

गेल्या काही वर्षांत आमच्या घरात एकाच आकड्याने दोनदा गोंधळ घातला. आधी कुंदा वाटला गेला, नंतर रडारड झाली, आणि दोन्ही वेळा आकडा तोच होता. संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याबद्दल काही सांगायचे आहे, कारण दर वर्षी आपल्या कॉलेजातल्या कुणाच्या तरी धाकट्या भावंडाच्या बाबतीत हेच घडताना दिसते.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या मावसभावाचा जेईई मेनच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला. स्क्रीनवर ९२.४ दिसले. काका लगेच कॅम्पातून अर्धा किलो कुंदा घेऊन आले. मला फोन करून म्हणाले, "अरे, ब्याण्णव टक्के पडले की पोराला! आता एप्रिलची परीक्षा कशाला? उगाच पुन्हा फी आणि पुन्हा टेन्शन."

मी विचारले, "काका, मार्क किती?" भाऊ मागून दबक्या आवाजात म्हणाला, "तीनशेपैकी एकशे अकरा." म्हणजे ३७ टक्के. घरात शांतता पसरली. संध्याकाळपर्यंत मावशीचे डोळे लाल झाले होते, आणि काकांना वाटत होते की पोराने किंवा एजन्सीने आपल्याला फसवले.

कुणीच फसवले नव्हते. ३७ टक्के आणि ९२.४ पर्सेंटाइल हे दोन्ही खरे होते. टक्के सांगतात की पेपरातले किती गुण मिळाले. पर्सेंटाइल सांगतो की किती जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. परीक्षा घेणारी एनटीए तो असा काढते: तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ते मोजायचे, त्याला शिफ्टला बसलेल्या एकूण मुलांच्या संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा शिफ्टला १,००,००० मुले बसली आणि त्यातल्या ९२,४०० जणांना १११ किंवा त्याहून कमी गुण पडले. तर १११ वाल्या प्रत्येकाचा पर्सेंटाइल ९२.४. बस्स, इतकेच.

'शिफ्टमध्ये' हा शब्द महत्त्वाचा आहे. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार चालते आणि प्रत्येक वेळी पेपर वेगळा असतो. एखादा पेपर अवघड निघाला तर सगळ्यांचेच गुण घसरतात. म्हणून गुणांची तुलना न करता आपापल्या शिफ्टमधल्या स्थानाची तुलना करतात. प्रत्येक शिफ्टमध्ये जो पहिला येतो त्याला १०० पर्सेंटाइल मिळतो, मग त्याला ३०० पैकी ३०० पडलेले असोत की नसोत. २०२४ मध्ये दोन्ही सत्रे मिळून ५६ जणांना १०० पर्सेंटाइल होता, त्याचे एक कारण हेच. तेव्हा "शेजारच्या पोराला १२० ला ९१ च कसा आणि आमच्याला १११ ला ९२ कसा?" या प्रश्नात अन्याय शोधू नये. दोघांचे पेपर वेगळे होते.

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता. "बरं, मग याच्या पुढं किती जण?" त्यांनी मनातच हिशोब केला होता: शंभरातून ९२.४ गेले, उरले ७.६, म्हणजे "सात-साडेसात हजार असतील." हा हिशोब मी अनेक घरांत ऐकला आहे. पण ७.६ ही माणसे नव्हेत, तो शंभरातला वाटा आहे. कशाचा वाटा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

त्या जानेवारीत सुमारे ११ लाख ७० हजार मुले बसली होती. त्याचे ७.६ टक्के म्हणजे जवळपास ८९ हजार. काका खुर्चीत बसले. पण हाही अंतिम आकडा नव्हता. जेईई मेन वर्षातून दोनदा होते, दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात आणि रँक शेवटी सगळ्यांची मिळून लावतात. त्या वर्षी दोन्ही सत्रे मिळून वेगवेगळे विद्यार्थी १४ लाख १५ हजारांच्या वर होते. त्याचे ७.६ टक्के केले तर सुमारे १ लाख ७ हजार. जानेवारीचा आकडा धरून काढलेली रँक आणि ही, यांत अठरा हजारांचा फरक पडतो.

हा अंदाज कितपत खरा ठरतो, तेही तपासता येते. त्या वर्षी ॲडव्हान्स्डसाठी खुल्या गटाचा कटऑफ ९३.२३६२१८१ होता. आपल्या रीतीने त्याच्या वर साधारण ९५ हजार ७०० जण हवेत. प्रत्यक्षात त्या कटऑफला सुमारे ९७ हजार जण पात्र ठरले. अंदाज जवळचा, पण किंचित आशावादी. दोनदा बसलेल्यांचा चांगलाच स्कोअर धरला जात असल्यामुळे वरच्या भागात थोडी जास्त गर्दी होते. म्हणून या रीतीने काढलेली रँक एक-दोन हजारांनी खाली सरकेल, असे धरून चालावे. काटेकोर रँक फक्त निकालपत्रावरची.

आता खरा प्रश्न समोर आला. भाऊ कटऑफच्या एका पर्सेंटाइलहूनही कमी अंतरावर होता. माणसांत मोजले तर ते अंतर बारा हजारांचे, पण गुणांत मोजले तर एक-दोन प्रश्नांचे. कारण त्या भागात मुले दाटीवाटीने उभी असतात. उलट ९९ च्या पुढे तेवढीच माणसे ओलांडायला कितीतरी जास्त गुण लागतात, तिथे रांग विरळ होत जाते. कटऑफ अर्थात नंतर लागला, पण "थोडक्यात आहे" हे आदल्या वर्षांच्या आकड्यांवरून तेव्हाही दिसत होते. एप्रिल सत्राच्या अर्जाची मुदत मार्चच्या सुरुवातीला संपत होती. काकांनी अर्ज भरू दिला. एप्रिलमध्ये त्याला ९४.१ मिळाला आणि तो ॲडव्हान्स्डला बसला. एप्रिलला कमी पडला असता तरी नुकसान फीपुरतेच होते, जानेवारीचा स्कोअर शाबूत राहिला असता.

त्याला पुढे कुठे प्रवेश मिळाला हा या लेखाचा विषय नाही. माझे म्हणणे एवढेच की ९२.४ ला टक्के समजून ती संधी तो जवळजवळ गमावून बसला होता. आपल्याकडे केसीईटीत थेट रँक हाती येते, त्यामुळे पर्सेंटाइल वाचायची सवय नाही, आणि दहावी-बारावीने 'नव्वदच्या वर म्हणजे भारी' हे डोक्यात घट्ट बसवले आहे. त्यात चौकाचौकांतल्या फलकांवर फोटोखाली नुसता पर्सेंटाइल छापतात. किती जणांतला, ते कुणी लिहीत नाही. माझ्या मते तो अर्धाच आकडा आहे.

म्हणून तुमच्या घरी किंवा गल्लीत कुणाचा निकाल लागला, तर पेढे किंवा कुंदा आणण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: मिळालेले गुण, पर्सेंटाइल आणि वर्षभरात बसलेल्यांची एकूण संख्या. शंभरातून पर्सेंटाइल वजा करा, त्या संख्येने गुणा, शंभराने भागा. मग कुंदा खुशाल आणा. आमच्या काकांनी एप्रिलनंतर पुन्हा आणलाच, पण या वेळी आधी मला फोन करून विचारले, "पुढं किती जण, ते सांग बघू."