चौकट काळी, पत्र कोरं

परवा शेजारची दहावीतली पोरगी मराठीच्या जुन्या प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आली. झेरॉक्सची झेरॉक्स, तीही मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेली. पत्रलेखनात जिथं जाहिरातीची चौकट असते तिथं नुसता काळा डाग. खाली एवढंच वाचता येत होतं: 'विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करणारे पत्र लिहा.'

"काका, चित्रच नाही आलं, मंग काय लिहू?"

तिनं लिहिलं होतं तरी. दिनांक, प्रति, विषय, महोदय, शेवटी आपला विश्वासू, पत्ता, ई-मेल. साचा बिनचूक. मधल्या मजकुरात मात्र 'आपली रोपे चांगली आहेत, कृपया पाठवावीत.' किती, कोणती, कधी, काहीच नाही.

मित्रांनो, खरी गोम इथं आहे. साचा पाठ होतो, पण पत्राचा जीव त्या चौकटीत असतो. रोपवाटिकेचं नाव, पत्ता, शाळांना किती सवलत, कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथूनच उचलायचं असतं. काळ्या डागावर सराव केलेलं लेकरू चौकट न वाचताच लिहायची सवय लावून घेतं. मग परीक्षेत चौकट स्वच्छ छापून आली तरी तिच्यातली 20 टक्के सवलत पत्रात येत नाही.

मी तिला म्हटलं, उरलेली ओळ पुन्हा वाच. लिहिणारा कोण ते कळलं, विद्यार्थी प्रतिनिधी. काय पाहिजे तेही कळलं, रोपं. गेलं ते फक्त नाव, पत्ता, दर, तारीख. ते आधी तू स्वतः चौकट काढून भर.

तिनं भरलं: हिरवळ रोपवाटिका, संत्र्याची कलमं, शाळांना 20 टक्के सवलत, 5 जुलैपर्यंत. मग पत्र लिहिलं. 25 कलमं, सवलत वजा करून बिल शाळेच्या नावे, 3 जुलैपर्यंत शाळेत पोचवावीत. तेच पत्र, पण आता दुकानदार माल पाठवू शकेल असं.

हा उपाय फक्त सरावापुरता. खऱ्या परीक्षेत चौकट पुसट आली तर मनानं भरू नका. लगेच हात वर करून पर्यवेक्षकांना दाखवा, दुसरी प्रश्नपत्रिका मागा. आणि मनानं स्वतःचं किंवा शाळेचं खरं नाव तर उत्तरपत्रिकेत मुळीच टाकू नका.

गुरुजींना एक विनंती. झेरॉक्स वाटण्याआधी एकदा नजर टाका. चौकट गेली असेल तर त्यातल्या चार ओळी पेनानं खाली लिहा आणि मग प्रती काढा. दोन मिनिटांचं काम आहे.